दार उघडलं की पळणारा बिघाड

रात्री पावणेतीनला ऑपरेटरची हाक आली, "दादा, परत थांबली."

चाकणच्या एका कारखान्यातली प्लॅस्टिक मोल्डिंगची मशीन. स्क्रीनवर पंप बंद पडल्याचा इशारा. मी पॅनेलचं दार उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, रिसेट दाबला. पंप सुरू, आणि पुढचा तासभर कसलीही तक्रार नाही. आठवड्यातली ही चौथी खेप होती. दिवसपाळीनं पंपाचा कॉन्टॅक्टर बदलला होता, टर्मिनलचे स्क्रू आवळले होते आणि वहीत लिहिलं होतं, "तपासले, ठीक आहे."

त्या वहीनंच वाट दाखवली. चारही नोंदी रात्री दोननंतरच्या होत्या. दिवसा साचा बदलायला, चहाला मशीन थांबते. रात्री अकराला सुरू झालेलं काम मात्र सलग चालतं आणि बंद पॅनेल आतून तापत जातं. मी दार उघडायचो तेव्हा नेमकी ती उष्णता बाहेर जायची. बिघाड शोधायला गेलेला माणूसच त्याला पळवून लावत होता.

पंपाच्या कॉन्टॅक्टरला 24 व्होल्ट एका छोट्या रिलेमधून मिळतात. रिले म्हणजे विजेनं चालणारं बटण. ते नीट जोडलेलं असेल तर त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. वाटेत कुठे अडथळा आला, की तेवढे व्होल्ट तिथे अडकलेले दिसतात. पुढच्या रात्री मी मल्टिमीटरच्या वायरी त्या टर्मिनलांना अडकवल्या, पॅनेलच्या तळातून बाहेर काढल्या, दार लावलं आणि स्टूल घेऊन बसलो. दीडपर्यंत आकडा 0.03 वर स्थिर होता. अडीचनंतर पंप चालू असतानाच तो उड्या मारू लागला: 0.4, मग 1.1, परत 0.1. थोड्या वेळानं पंप थांबला. रिलेचा दिवा मात्र अखेरपर्यंत पेटलेला होता, म्हणजे पीएलसीकडून हुकूम येतच होता.

जादा बोर्ड बसवून मशीन चालू केली आणि जुना टेबलावर घेतला. इथे एक फसगत होते. मीटरचं टोक रिलेच्या पायावर दाबलं की तडाही दाबला जातो आणि मीटर खणखणीत वाजतो. म्हणून पायाला बारीक हुक अडकवला, दुसरं टोक तांब्याच्या पट्टीवर जरा लांब ठेवलं आणि केस वाळवायच्या ड्रायरनं गरम हवा सोडली. अर्ध्या मिनिटात मीटरचा आवाज तुटायला लागला. दहापट भिंगाखाली डाखाभोवती केसाहून बारीक करडी गोल रेघ दिसली. टीव्ही दुरुस्त करणारे याला सरसकट 'ड्राय सोल्डर' म्हणतात.

बोर्डाची जाडी 1.6 मिलीमीटर. चाळीस अंश तापलं की ती तांब्याच्या पायापेक्षा दोन-तीन मायक्रॉन जास्त फुगते. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हे काहीच नाही. पण कथिल-शिशाचा डाख 183 अंशांना वितळतो, त्यामुळे साठ अंशांनाही तो बराच मऊ असतो. रोज थोडं ताणून, थोडं सोडून तो थकतो आणि पायाभोवती गोल चिरतो. थंडपणी चिरेच्या कडा एकमेकींना टेकतात, तापल्यावर सुटतात.

रिसेट करून पुढे जाण्याची किंमत विमानवाहतुकीनं मोजली आहे. 28 डिसेंबर 2014 रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं विमान जावा समुद्रात कोसळलं आणि 162 जण गेले. सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक भागात डाखाला तडे गेल्याचं इंडोनेशियाच्या तपासात आढळलं. आधीच्या बारा महिन्यांत तो बिघाड 23 वेळा नोंदला गेला होता. विमान केवळ तड्यामुळे पडलं नाही. वारंवार येणारा इशारा थांबवायला उड्डाणात सर्किट ब्रेकर काढून पाहिले गेले, त्यानं ऑटोपायलट सुटला आणि पुढे वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. पण सुरुवात त्या डाखापासून होती.

आमच्या बोर्डावर जुना डाख नुसता वितळवून भागणार नव्हतं. चिरेत गंज धरलेला असतो, तो नव्या डाखात तसाच राहतो. सगळं सोल्डर पंपानं ओढून काढलं, पाय खरवडून फ्लक्स लावला आणि साडेतीनशे अंशांच्या इस्त्रीनं नवं सोल्डर सोडलं. शेजारच्या सात रिलेंचे डाखही तसेच केले, कारण उष्णता त्यांनीही तेवढीच सोसली होती.

मग पॅनेलचा पंखा पाहिला. त्याची जाळी धुळीनं इतकी भरली होती, की पंखा फिरत असूनही हवेची झुळूक हाताला लागत नव्हती. जाळी धुऊन लावली आणि वहीत चार ओळी लिहिल्या: कोणता रिले, कोणता पाय, मीटरचे आकडे, आणि जाळी दर महिन्याला धुण्याची तारीख.