जानवसघरातला माणूस आता कार्डावर

वऱ्हाड उतरतं त्या जागेला मराठीत जानवसघर असा जुना शब्द आहे. चहा कधी येणार, कार्यालयात कोणाबरोबर जायचं, हे विचारायला तिथे यजमानांचा एक माणूस असे. आता पाहुणे हॉटेलच्या वेगवेगळ्या मजल्यांवर उतरतात. खोलीत त्यांच्यासाठी ठेवलेल्या भेटपिशवीत पाण्याची बाटली, चिवडा आणि एक छोटं कार्ड असतं. त्या माणसाचं काम या कार्डानं करायचं असतं.

बहुतेक कार्डं इथेच चुकतात. लग्नपत्रिकेतलाच मजकूर पुन्हा छापला जातो. पाहुण्यांना मुहूर्त ठाऊक असतो; बस किती वाजता आणि कुठून सुटणार, हे ठाऊक नसतं. मग ऐन सीमांतपूजनाच्या गडबडीत वधूपित्याचा फोन वाजत राहतो.

समजा, लग्न कोल्हापुरात आहे, मुहूर्त दुपारी १२.२४ चा आहे आणि कार्यालय हॉटेलपासून अर्ध्या तासावर आहे. पाहुणे बारापर्यंत स्थिरस्थावर व्हायचे, तर शेवटची बस साडेअकराला हलायला हवी. वडीलधाऱ्यांना चढायला वेळ लागतो, म्हणून कार्डावर सव्वाअकरा लिहावं. मजकूर असा होईल:

“सप्रेम नमस्कार. इतक्या लांबून आलात, घर भरल्यासारखं वाटलं. आज संध्याकाळी ७ वाजता सीमांतपूजन, याच हॉटेलच्या तळमजल्यावर. उद्या कार्यालयासाठी बस सकाळी ८.३० आणि ११.१५ वाजता, हॉटेलच्या दारातून. नाश्ता कार्यालयात आहे; तो घ्यायचा असेल तर पहिल्या बसनं यावं. काहीही लागलं तर वधूच्या मामांना फोन करावा.”

खाली मामांचा क्रमांक ठळक छापावा. वधूवरांचे आईवडील त्या वेळी विधींना बसलेले असतात, म्हणून क्रमांक त्यांचा नको.

एवढा मजकूर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात मावतो. परगावी वाढलेल्या, देवनागरी न वाचणाऱ्या भाच्यांसाठी मागच्या बाजूला तोच मजकूर इंग्रजीत द्यावा. छापखान्यात पीडीएफच पाठवावी. साधी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडताना फॉन्ट बदलला, तर जोडाक्षरं फुटतात आणि ‘श्री’चाही घोटाळा होतो. म्हणून सगळी कार्डं छापण्याआधी एक नमुना कागदावर काढून वाचावा.

कार्ड माणशी नको, खोलीमागे एक पुरतं. अठरा खोल्या असतील तर बावीस छापावीत. बसची वेळ पक्की झाल्याशिवाय मात्र छपाईला देऊ नये. खोल्या ऐनवेळी बदलतात, त्यामुळे पिशवीवर खोली क्रमांकाऐवजी कुटुंबाचं नाव हातानं लिहावं आणि नावांची यादी स्वागतकक्षात द्यावी. उरलेली चार कार्डं तिथेच ठेवली, की रात्री उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यालाही सकाळची बस कळते.