आकडा जुळला, तारखा जुळल्या का?

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी एका कंपनीत स्वतंत्र संचालक झालो, पुढे ऑडिट कमिटीचा अध्यक्ष. आज तिथल्या एका पत्राबद्दल सांगतो.

कंपनीने १ ऑक्टोबरला हिशेबाची जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू केली. म्हणजे आर्थिक वर्ष एकच, पण अर्धं जुन्या सिस्टीममध्ये, अर्धं नव्या. जूनमध्ये बाहेरच्या ऑडिटरांनी सांगितलं होतं, की सिस्टीममधली नियंत्रणं तपासू. ती पक्की निघाली तर व्यवहारांचे नमुने कमी घेऊ. जानेवारीत सुधारित योजना आली. नमुने वाढले होते आणि कारण एवढंच: ‘सिस्टीम बदलल्यामुळे’.

मला शस्त्रागाराचा चार्ज आठवला. तिथे शंभर रायफली मोजून शंभर भरल्या म्हणून कोणी सही करत नाही. प्रत्येकीचा नंबर रजिस्टरशी ताडून पाहावा लागतो.

मग मी ऑडिटरांना पत्र लिहिलं. त्यात तीन प्रश्न होते:

‘जुन्या सिस्टीमची तपासणी नव्या सिस्टीमला लागू होत नाही. मग दोन्ही सहामाहींत आपण कोणत्या नियंत्रणांवर विसंबणार आहात?

‘नव्या सिस्टीममध्ये आणलेल्या शिलकींची आपण फक्त बेरीज जुळवली, की एकेक बिल ताडून पाहिलं?

‘वाढवलेले नमुने नेमक्या कोणत्या जोखमीसाठी आहेत?’

नमुने किती घ्यायचे, हे मी लिहिलं नाही. तो निर्णय ऑडिटरांचा; कमिटीने त्यात हात घातला तर त्यांचं स्वातंत्र्य उरत नाही. पण ऑडिटची व्याप्ती आणि वेळापत्रक यांची रूपरेषा कमिटीला देणं, हे ऑडिट मानक २६० प्रमाणे त्यांचं काम आहे. तेव्हा कारण विचारणं आपलं कामच आहे.

दुसऱ्या प्रश्नाने घोळ बाहेर आला. ग्राहकांकडून येणं दोन्हीकडे ८ कोटी ४० लाख, पैशापर्यंत जुळत होतं. ऑडिटरांनी बिलं एकेक करून ताडली, तेव्हा दिसलं की मूळ तारखा आल्याच नव्हत्या. सगळ्या जुन्या बिलांवर १ ऑक्टोबर पडला होता. वर्षाहून जुन्या येण्यापैकी निम्म्या रकमेची तरतूद करायची, असा कंपनीचा नियम. अशी बिलं ६० लाखांची होती. नव्या सिस्टीमच्या लेखी ती ताजी, म्हणून तरतूद शून्य. म्हणजे नफा ३० लाखांनी फुगलेला.

हे आधीही कळलं असतं. थकबाकीच्या वयाच्या तक्त्यात ‘वर्षाहून जुनी’ हा रकाना सप्टेंबरअखेर भरलेला होता, डिसेंबरअखेर रिकामा. तीन महिन्यांत सगळे जुने थकबाकीदार पैसे देऊन मोकळे होत नाहीत. दोन्ही तक्ते कमिटीपुढे आले होते. आम्ही ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत. ती चूक आमचीच.

तारखा दुरुस्त झाल्या, तरतूद केली गेली, आणि मगच मी वार्षिक हिशेब संचालक मंडळापुढे नेले.