‘एक्केचाळीस-त्रेचाळीस’चा अर्थ

सोलापूरच्या एका टॉवेल-उत्पादकाचा माल अमेरिकेला निघाला आहे असे समजू. तीन महिन्यांनी त्यांच्या हाती एक लाख डॉलर येणार आहेत. तोपर्यंत भाव कुठे जाईल याची काळजी नको, म्हणून ते आजच दर पक्का करायला बँकेत फोन लावतात. पलीकडून उत्तर येते, ‘स्पॉट चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी शून्य एक. तीन महिने एक्केचाळीस-त्रेचाळीस.’ उत्तर इतकेच असते. पुढचा हिशेब ऐकणाऱ्याने करायचा, आणि तो न जमल्यामुळे अनेक लहान निर्यातदार बँक सांगेल त्या दराला मान डोलावतात.

पहिली जोडी आजच्या व्यवहाराची आहे. स्पॉट म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी पैसे हातात पडणारा सौदा. त्यात बँक डॉलर ८४.०० रुपयांना विकत घेते आणि ८४.०१ रुपयांना विकते. दुसरी जोडी हा स्वतंत्र दर नाही. ते फॉरवर्ड पॉइंट आहेत, म्हणजे स्पॉटमध्ये मिळवायचे किंवा त्यातून वजा करायचे पैसे. डॉलर-रुपयात ते पैशांतच बोलले जातात.

मिळवायचे की वजा करायचे, हे कोणी सांगत नाही, कारण आकड्यांचा क्रमच ते सांगतो. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तर मिळवायचे. याला डॉलर प्रीमियमवर आहे असे म्हणतात. आपल्या उदाहरणात ८४.०० अधिक ४१ पैसे, म्हणजे ८४.४१ हा बँकेचा खरेदीचा दर, ८४.०१ अधिक ४३ पैसे, म्हणजे ८४.४४ हा विक्रीचा. निर्यातदार डॉलर विकतो, म्हणून त्याच्या कामाचा आकडा ८४.४१. उद्या यंत्र आयात करणाऱ्याला ८४.४४ लागेल.

नियम विसरला तरी ताळा करता येतो. आज खरेदी-विक्रीत एक पैशाचे अंतर आहे, तीन महिन्यांनंतरच्या दरात ते तीन पैसे झाले. पुढच्या सौद्यात बँकेची जोखीम जास्त, म्हणून हे अंतर वाढलेच पाहिजे. चुकून वजा केले असते तर खरेदी ८३.५९ आणि विक्री ८३.५८ आली असती. घेतल्या भावापेक्षा स्वस्त कोणीच विकत नाही. उत्तर असे उलटे आले की बेरीज-वजाबाकी चुकली समजावे.

आता हे ४१ पैसे कुठून आले? इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. डॉलर वाढणार असा बाजाराचा अंदाज आहे, म्हणून प्रीमियम मिळतो, असे पुष्कळांना वाटते. खरे कारण व्याज आहे. समजा, रुपयावर वर्षाला साडेसहा टक्के व्याज मिळते आणि डॉलरवर साडेचार. आज हातात ८४ रुपये आहेत. ते रुपयातच ठेवले तर तीन महिन्यांनी ८५.३६५ रुपये होतात. त्याच ८४ रुपयांचा एक डॉलर घेऊन तो व्याजी लावला तर १.०११२५ डॉलर होतो. या दोन वाटांपैकी एकीवर जास्त पैसे मिळाले असते, तर सगळे तिकडेच धावले असते. म्हणून पुढचा दर असा ठरतो की दोन्ही वाटा एकाच जागी पोचाव्यात. ८५.३६५ ला १.०११२५ ने भागले की ८४.४१५ येते. ते साडेएक्केचाळीस पैसे म्हणजे दोन चलनांच्या व्याजातला फरक, बाकी काही नाही. ज्या चलनावर व्याज कमी, ते पुढच्या तारखेला महाग, म्हणजेच प्रीमियमवर.

२०२२ साली हे उघड दिसले. त्या वर्षी डॉलर सुमारे ७४ रुपयांवरून ८२ च्या पुढे गेला. प्रीमियम हा भाकिताचा आकडा असता, तर तो फुगायला हवा होता. झाले उलटेच. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपला दर जवळजवळ शून्यावरून ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला. रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ६.२५ वर आणला. व्याजातला फरक आकसला आणि एका वर्षाचा प्रीमियम वर्षअखेरीस २ टक्क्यांच्याही खाली घसरला. रुपया पडत होता आणि प्रीमियमही पडत होता. बाजारात डॉलरची चणचण असली किंवा रिझर्व्ह बँकेने स्वॅप केले, तर पॉइंट थोडे हलतात, त्यामुळे गणित पैशापैशाने जुळेलच असे नाही. पण मूळ व्याजातच असते.

डिस्काउंटसाठी जपानी येन पाहू. तिथे व्याज अगदी कमी. स्पॉट १५०.०० / १५०.०२ आणि तीन महिन्यांचे पॉइंट १४८ / १४६ समजू. येनमध्ये एक पॉइंट म्हणजे येनचा शंभरावा भाग. पहिला आकडा मोठा आहे, म्हणून वजा करायचे: १४८.५२ / १४८.५६. अंतर दोन पॉइंटांवरून चारवर गेले, म्हणजे ताळा बरोबर. इथे डॉलर डिस्काउंटवर आहे आणि येन प्रीमियमवर. ‘प्रीमियम’ हा शब्द एकटा अर्धवट आहे. कोणत्या चलनाचा, हे विचारल्याशिवाय तो वापरू नये. आपल्याकडे डॉलर प्रीमियमवर असतो, म्हणजेच रुपया डिस्काउंटवर असतो. रुपया दुबळा झाला असा याचा अर्थ नाही.

पैशांतला प्रीमियम वर्षाच्या टक्क्यांत बदलून पाहण्याची सवय ठेवावी. ४२ पैशांना ८४ रुपयांनी भागले की तीन महिन्यांचा अर्धा टक्का मिळतो. चौपट केला की वर्षाचे दोन टक्के. डॉलरमध्ये कर्ज घेऊन माल बनवणाऱ्यासाठी हा आकडा मोलाचा आहे. डॉलरचे कर्ज दोन टक्क्यांनी स्वस्त दिसते, पण कर्जातून आलेले डॉलर आजच विकले जातात आणि पुढचा प्रीमियम हातचा जातो. स्वस्ताईचा बराच भाग तिथेच फिटतो.

टॉवेल-उत्पादकाकडे परत येऊ. ८४.४१ मधून बँक आपले मार्जिन, समजा पाच पैसे, काढते. हाती ८४.३६ येतात. पण खरेदीदार पैसे नेमके कोणत्या दिवशी पाठवेल हे त्यांना ठाऊक नसते, म्हणून ते ‘तिसऱ्या महिन्यात कधीही’ अशी मुदत मागतात. अशा सौद्यात दिवस निवडण्याचा हक्क ग्राहकाचा, त्यामुळे बँक स्वतःला सुरक्षित अशी तारीख धरते. निर्यातदाराला मुदतीच्या सुरुवातीपर्यंतचाच प्रीमियम मिळतो आणि आयातदाराकडून शेवटच्या दिवसापर्यंतचा घेतला जातो. तीन महिन्यांचे ४१ पैसे दोन महिन्यांना साधारण २७ होतात. दर ८४.२२ वर येतो आणि एक लाख डॉलरवर चौदा हजार रुपये जातात. यात फसवणूक नाही. महिनाभराच्या सोयीची ती किंमत आहे. खरेदीदाराशी बोलून मुदत आठवड्यावर आणता आली तर त्यातले बरेच वाचतात.

म्हणून दर पक्का करताना ‘अंतिम दर सांगा’ एवढ्यावर थांबू नका. स्पॉट किती, प्रीमियम किती आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, मार्जिन किती, हे बँकेकडून वेगवेगळे विचारून कागदावर उतरवून घ्या.