सोयापेंडीवरील दोन दर: 9.57 आणि 283.91 टक्के

इंदूरच्या पलासियासारख्या व्यापारी वस्तीत सोयाबीनच्या भावाइतकाच परदेशी शुल्काच्या दराचाही विचार करावा लागतो. माळव्यातील सेंद्रिय सोयापेंडीला अमेरिकेत मोठे गिऱ्हाईक होते. मार्च 2021 मध्ये तेथील उत्पादकांनी तक्रार केली आणि मे 2022 मध्ये भारतीय पेंडीवर दोन स्वतंत्र शुल्के लागू झाली.

पहिले अँटी-डम्पिंग शुल्क. कंपनीने रास्त मूल्यापेक्षा कमी भावाने माल निर्यात केला की नाही, हे त्यासाठी तपासतात. दुसरे प्रतिकारी शुल्क. त्यासाठी सरकारी अनुदानाचा लाभ मोजला जातो. दोन्हींसाठी आयातदार देशातील उद्योगाची हानी सिद्ध व्हावी लागते. अमेरिकेत दर वाणिज्य खाते ठरवते, तर हानीचा निर्णय आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग देतो.

या प्रकरणात प्रतिकारी शुल्काचा दर सहकार्य करणाऱ्या कंपनीसाठी 9.57 टक्के होता, माहिती न देणाऱ्यांसाठी 283.91 टक्के. म्हणजे शंभर डॉलरच्या मालावर एकाला साडेनऊ डॉलर, तर दुसऱ्याला जवळपास 284 डॉलर. दुसऱ्याला तेवढे अनुदान खरोखर मिळाले होते, असा याचा अर्थ नाही. प्रश्नावलीला उत्तर न आल्यास तपास अधिकारी प्रत्येक योजनेचा लाभ घेतला गेला असे गृहीत धरतात आणि त्या-त्या योजनेसाठी उपलब्ध असलेले चढे दर एकत्र करतात.

जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानविषयक करार उपलब्ध माहितीच्या आधारे निर्णय घेण्यास मुभा देतो. मात्र ती माहिती, न मिळालेल्या माहितीची वाजवी जागा घेणारी असावी. तिचा वापर शिक्षेसाठी नसावा. हा कस अपील मंडळाने डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केला, तोही भारताने अमेरिकेविरुद्ध 2012 मध्ये दाखल केलेल्या पोलाद प्रकरणात.

फेरतपासणीचे मार्ग दोन. कंपनी न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात जाऊ शकते किंवा दराचा वार्षिक आढावा मागू शकते. जागतिक व्यापार संघटनेत मात्र फक्त सरकारच वाद नेऊ शकते, आणि तेथील वाट अडली आहे. डिसेंबर 2019 मध्ये अपील मंडळात तीन सदस्यांचा किमान कोरमही उरला नाही. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने याच पोलाद प्रकरणातील अंमलबजावणीच्या अहवालाविरुद्ध अपील केले आणि ते सुनावणीविना पडून राहिले. अखेर जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी ते अन्य पाच वादांसह परस्पर संमतीने मिटवले.

सोयापेंडीवरील शुल्क पाच वर्षांनी पुन्हा तपासले जाईल. तोवर निर्यातदाराच्या हाती असलेला सर्वांत खात्रीचा बचाव म्हणजे हिशेबाची चोख कागदपत्रे आणि मुदतीत भरलेली प्रश्नावली.