नखाच्या मुळाशी लागतो छडा

डिसेंबरातल्या सकाळी गार पाण्यात हात घातला, की काही जणांची बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडतात. पांढरा भाग कुठे संपतो, ते रेघ मारल्यासारखं स्पष्ट दिसतं. थोड्या वेळाने तीच बोटं निळसर होतात आणि हात गरम झाला, की लालबुंद होऊन ठणकतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी 1862 साली आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं, म्हणून याला 'रेनोचा विकार' म्हणतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर हे रंग वरून नीट कळत नाहीत. अशा वेळी तळहाताच्या बाजूने बोटाची टोकं पाहावीत, नखांखालचा रंग पाहावा.

गारठ्यात शरीर बोटांचं रक्त कमी करतं, ते सगळ्यांच्याच बाबतीत. आतल्या अवयवांची ऊब टिकवायची असते. बोटांतल्या बारीक धमन्यांच्या स्नायूंमध्ये अल्फा-2सी नावाचे ग्राहक असतात. एरवी ते पेशीच्या आत दडलेले असतात. बोट गार पडलं की पृष्ठभागावर येतात आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा इशारा मिळताच धमनी आवळली जाते. रेनोमध्ये ही आवळ इतकी घट्ट असते, की रक्त येणंच थांबतं आणि बोट पांढरं पडतं. अडकून राहिलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत जातो, तेव्हा ते निळं दिसतं. इशारा देणारं रसायन मनावरच्या ताणानेही सुटतं. त्यामुळे तोंडी परीक्षेच्या दाराबाहेर, भर मे महिन्यातही एखाद्याची बोटं पांढरी पडू शकतात.

बहुतेकांमध्ये गोष्ट एवढ्यावरच संपते. धमन्या निरोगी असतात, फक्त हळव्या. पण काहींमध्ये धमनीची भिंतच आतून जाड झालेली असते, मार्ग आधीच अरुंद असतो. मग साध्या आकसण्यानेही तो बंद होतो. यामागचं महत्त्वाचं कारण म्हणजे स्क्लेरोडर्मा. या आजारात त्वचा कडक होत जाते आणि पुढे फुप्फुसं, मूत्रपिंडंही तिच्या तडाख्यात सापडू शकतात. पंचाईत अशी, की त्याच्या बहुतेक रुग्णांत बोटांचा रंग बदलणं हेच पहिलं लक्षण असतं आणि बाकीची लक्षणं उमटायला कधीकधी वर्षं जातात. रंग दोन्हीकडे तेच. मग ओळखायचं कसं?

दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणू. एक वीस वर्षांची मुलगी. त्रास कॉलेजात जाऊ लागल्यापासूनचा, दोन्ही हातांना सारखाच, अंगठे बहुधा सुटलेले. आईलाही तरुणपणी असंच व्हायचं. हात उबेत आले, की पंधरा-वीस मिनिटांत सगळं ठीक. दुसरी बाई पंचेचाळिशीतली. त्रास गेल्याच हिवाळ्यात सुरू झाला, एका हाताला जास्त. बोटं सुजल्यासारखी वाटतात, अंगठी निघत नाही. घास गिळताना अडकतो आणि तर्जनीच्या टोकावरची बारीक जखम काही केल्या भरत नाही.

दोघींच्याही नखाच्या मुळाशी डॉक्टर तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली पाहतात. केशवाहिन्या इतरत्र त्वचेत उभ्या असतात, त्यामुळे त्यांचं फक्त टोक दिसतं. इथे त्या आडव्या पसरतात म्हणून अख्ख्या दिसतात. मुलीच्या केशवाहिन्या केसातल्या आकड्यांसारख्या, ओळीने, एकसारख्या. बाईच्या मात्र काही फुगून राक्षसी झालेल्या, मधे रक्ताचे ठिपके, तर काही ठिकाणी केशवाहिन्याच नाहीत. माझ्या मते या विकारात इतक्या कमी खर्चात इतकं सांगणारी दुसरी तपासणी नाही. रक्तातली एएनए तपासणी सोबत करतातच. पण ती निरोगी माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येते, म्हणून एकट्या त्या कागदावर घाबरून जाऊ नये. बाईला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावं लागेल, फुप्फुसांची तपासणीही होईल.

निदानाआधी दोन प्रश्न मात्र विचारायलाच हवेत: कोणती औषधं चालू आहेत आणि काम काय करता? रक्तदाबाच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी हा त्रास वाढतो. हादरणाऱ्या यंत्रांनीही बोटं पांढरी पडतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींतल्या कामगारांमध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये हे नोंदवलं होतं. आपल्याकडे ब्रेकर किंवा ग्राइंडर चालवणाऱ्यालाही हे लागू आहे.

त्या मुलीला बहुधा औषध लागणार नाही. हातमोज्यांसोबत स्वेटर आणि टोपीही हवी, कारण अंग गारठलं की बोटं आवळतातच. तंबाखू, सिगारेट बंद. झटका आला तर कोमट पाणी. कढत नको, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. एवढ्याने भागलं नाही, तर धमन्या सैल करणारं निफेडिपिन डॉक्टर देतात. त्याने पाय सुजू शकतात, डोकं दुखू शकतं. मात्र एखादं बोट ऊब देऊनही तासन्‌तास निळं-काळं राहिलं, वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावं.