एका घंटेचा परदेशी कॉल

मध्यरात्री अडीच वाजता भ्रमणध्वनी एकदाच वाजून थांबला आणि सकाळी पडद्यावर +232 ने आरंभ होणारा अपरिचित क्रमांक दिसला, तर परत फोन लावण्यापूर्वी त्याचे अंक मोजावेत. कारण भारतीय क्रमांकात +91 नंतर दहा अंक असतात आणि मोबाइल असल्यास त्यांतील पहिला 6, 7, 8 किंवा 9 असतो, उलट येथे 232 नंतर आठच अंक आहेत व 232 हा सिएरा लिओन या आफ्रिकी देशाचा संकेतांक आहे. मुंबईच्या 022 शी साधर्म्य असलेला +222 तर मॉरिटानियाचा; घाईत हाच घोटाळा होतो.

जपानीत ‘वांगिरी’, म्हणजे एका घंटेत तोडणे, असे नाव असलेल्या या फसवणुकीत मिस्ड कॉलला खर्च नसतो, परंतु उलट फोन केल्यास महागडा आंतरराष्ट्रीय आकार लागतो व त्यातील हिस्सा ठकाला पोहोचतो. म्हणूनच तो कॉल उचलण्याइतका अवधी देत नाही. त्या देशी आपले कोणी असेल, तर ते बहुधा पुन्हा, दीर्घकाळ वाजवील किंवा संदेश धाडील. मात्र पडद्यावरील क्रमांक बनावटही असू शकतो, तेव्हा +91 दिसणे हा सचोटीचा दाखला मानू नये.