परिषदेच्या नोटिशीला उत्तर देताना

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोटीस आली, सोबत रुग्णाच्या तक्रारीची प्रत असली की अनेक डॉक्टर उत्तराची सुरुवात आपल्या वीस वर्षांच्या सेवेपासून करतात, नाहीतर तक्रार खोडसाळ असल्याचं सांगून. परिषदेला मात्र जाणून घ्यायचं असतं ते त्या दिवशी काय घडलं एवढंच. म्हणून उत्तर तारीखवार हवं.

एक उदाहरण घेऊ. तिशीतला एक माणूस सोमवारी रात्री पोट दुखतं म्हणून दवाखान्यात आला. बुधवारी दुसऱ्या रुग्णालयात त्याचं अपेंडिक्स फुटल्याचं कळलं आणि ऑपरेशन करावं लागलं. तक्रार अशी की, डॉक्टरांनी हे सोमवारीच ओळखायला हवं होतं.

उत्तरातला पहिला परिच्छेद असा असावा : ‘सोमवारी रात्री 9.10. बेंबीभोवती सहा तासांपासून दुखणं, एक उलटी, ताप नाही. पोट मऊ, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखत नव्हतं. केसपेपर, पान 1.’ इथे ‘अपेंडिक्सची सुरुवात’ हे शब्द येता कामा नयेत, कारण ती माहिती बुधवारची आहे. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. त्यामुळे सोमवारी हाताला काय लागलं, यावरच सगळा निवाडा अवलंबून असतो. ‘दुखणं सरकलं किंवा ताप आला तर लगेच या’ असं सांगितलं होतं, पण लिहिलं नव्हतं, तर तसंच नमूद करावं : ‘तोंडी सांगितलं, केसपेपरवर नोंद नाही.’

खरी परीक्षा मंगळवारची. संध्याकाळी फोन केला होता, असं नातेवाईक म्हणतात. पुष्कळ उत्तरांत नेमका असा दिवस गाळलेला असतो आणि परिषदेची नजर तिथेच जाते. फोन आला असेल तर वेळ आणि बोलणं लिहावं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं.

जुन्या केसपेपरवर नंतर एक ओळही वाढवू नये. त्याची प्रत आधीच रुग्णाकडे असू शकते, आणि दोन प्रतींत फरक सापडला की उपचार बरोबर असूनही डॉक्टरांवरचा विश्वास उडतो. खुलासा करायचाच असेल तर तो वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून.

नुकसानभरपाई देणं परिषदेच्या हातात नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. परिषद ताकीद देऊ शकते, किंवा डॉक्टरांचं नाव नोंदवहीतून काही काळासाठी वा कायमचं काढू शकते.

रुग्णांनीही तक्रार लिहिण्याआधी आपले कागद मागावेत. 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात.